ज्येष्ठांची सवलत बेळगाव सीमाभागात: बस, रेल्वे, संग्रहालय, सिनेमा आणि वयाचा पुरावा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कागवाड, अथणी या पट्ट्यातल्या ज्येष्ठांचं जाणं-येणं दोन राज्यांत चालतं. मुलगी कोल्हापूरला, डॉक्टर मिरजेला, शेत चंदगडला आणि पेन्शन बेळगावात, अशी घरं इथे गल्लोगल्ली आहेत. त्यामुळे सवलतीचे वाद इथे जरा वेगळे असतात. नुसतं वय झालं म्हणून भागत नाही. गाडी कोणत्या राज्याची, रस्ता कोणत्या राज्यातला आणि आपल्या कार्डावर पत्ता कुठला, हे तिन्ही जुळावं लागतं. ज्येष्ठ नागरिकांच्या बैठकीत हेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहून काढली आहेत. बसबद्दल जास्त लिहिलं आहे, कारण रोजची गरज तीच आहे आणि गोंधळही तिथेच होतो.

कर्नाटकाच्या बसमध्ये किती वयाला किती सवलत मिळते?

साठ वर्षं पूर्ण झालेल्या कर्नाटकातल्या रहिवाशाला कर्नाटक परिवहनच्या साध्या आणि एक्सप्रेस गाड्यांत भाड्यात २५ टक्के सूट आहे. आपल्या भागातल्या लाल गाड्या वायव्य कर्नाटक परिवहन महामंडळाच्या, त्यांनाही हाच नियम आहे. शंभर रुपये भाडं असेल तर पंचाहत्तर द्यायचे.

यात दोन अटी आहेत आणि दुसरी बहुतेक जण विसरतात. पहिली अट वयाची. दुसरी अट तुम्ही कर्नाटकाचे रहिवासी असण्याची. म्हणून कंडक्टरला कार्डावर जन्मतारीख बघायची असते तसा पत्ताही बघायचा असतो. पॅन कार्डावर जन्मतारीख असते, पण पत्ता नसतो. त्यामुळे फक्त पॅन कार्ड पुढे केलं आणि कंडक्टरने नाही म्हटलं, तर तो आडमुठेपणा करतोय असं समजू नका.

मग महाराष्ट्राच्या एसटीत?

तिथे ज्येष्ठांची सवलत पासष्टपासून सुरू होते, साठपासून नाही. ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट आणि ७५ पूर्ण झाल्यावर प्रवास मोफत. ही मोफत प्रवासाची योजना ‘अमृत ज्येष्ठ नागरिक’ या नावाने ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाली. शिवाय मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना सरसकट अर्धं तिकीट आहे, त्याला वयाची अट नाही.

या सवलती महाराष्ट्राच्या हद्दीपुरत्याच आहेत. एसटी कोल्हापूरहून सुटून बेळगावला येत असली, तरी सवलत हद्दीपर्यंतच. हद्द ओलांडल्यावर पुढच्या टप्प्याचं भाडं पूर्ण लागतं. ‘हाफ तिकीट मागितलं आणि एवढे पैसे कसे घेतले’ ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. तिचं उत्तर बहुतेक वेळा इतकंच असतं.

हद्दीचा हिशेब नेमका कसा होतो?

समजण्यापुरते गोल आकडे घेऊ. हे खरे दर नाहीत, ते बदलत असतात. समजा कोल्हापूर ते हद्द भाडं ४० रुपये आणि हद्द ते बेळगाव १२० रुपये. सत्तर वर्षांच्या कोल्हापूरच्या माणसाला एसटीत पहिल्या तुकड्याचे २० आणि दुसऱ्याचे पूर्ण १२० असे १४० रुपये पडतील. ऐंशी वर्षांच्या आजींना पहिला तुकडा मोफत आणि दुसरा १२० रुपयांना. म्हणजे ‘मोफत’ प्रवासालाही बऱ्यापैकी पैसे पडतात.

याचं कारण नकाशात आहे. पुणे-बेंगळूर महामार्गावर हद्द कोगनोळी आणि कागल यांच्यामध्ये आहे. ती कोल्हापूरला जवळ आणि बेळगावला लांब आहे. निपाणी, संकेश्वर, हत्तरगी हा सगळा लांबचा पट्टा कर्नाटकात येतो, म्हणून या रस्त्यावर महाराष्ट्राची सवलत थोडक्यात संपते. चंदगडकडे जाताना उलटं आहे. बेळगाव सोडलं की थोड्याच वेळात शिनोळी लागते आणि ती महाराष्ट्रात आहे. त्यामुळे चंदगडच्या एसटीत सवलतीचा बहुतेक फायदा पदरात पडतो. कागवाडहून मिरजेला जातानाही हद्द कागवाडला लागूनच आहे, म्हैसाळपासून पुढचा रस्ता महाराष्ट्रातलाच.

तिकीट हातात आल्यावर त्यावरचा प्रवासाचा प्रकार आणि रक्कम तिथल्या तिथे वाचा. काही शंका असेल तर गाडी चालू असतानाच विचारा. उतरल्यावर मशीनमधला हिशेब फिरवता येत नाही.

मी बेळगावचा मराठी माणूस. वय ६८. आधारवर बेळगावचा पत्ता. एसटीत मला अर्धं तिकीट मिळेल का?

हा प्रश्न विचारताना लोकांच्या आवाजात थोडी वेदना असते आणि ती मला कळते. पण एसटीची ज्येष्ठ सवलत महाराष्ट्रातल्या ज्येष्ठांसाठी जाहीर झालेली आहे. तुम्ही कोणती भाषा बोलता याचा तिच्याशी संबंध नाही, कार्डावर पत्ता कुठला आहे याचा आहे. बेळगावच्या पत्त्याचं कार्ड बघून कंडक्टरने पूर्ण तिकीट दिलं, तर तो नियमाने चालला आहे. एखाद्याने अर्धं दिलं म्हणून पुढचाही देईलच असं धरून निघू नका. पूर्ण भाड्याचे पैसे जवळ ठेवूनच गाडीत बसा.

हाच नियम पलीकडच्यांनाही लागतो. चंदगड किंवा गडहिंग्लजचा ६२ वर्षांचा गृहस्थ बेळगावात लाल गाडीत बसला, तर साठ पूर्ण असूनही त्याला २५ टक्के मिळत नाहीत, कारण तो कर्नाटकाचा रहिवासी नाही. एसटीतही त्याला काही नाही, कारण तिथे पासष्ट लागतात. साठ ते पासष्टमधल्या सीमेपलीकडच्या पुरुषाला आपल्या भागात बसची ज्येष्ठ सवलत कुठेच मिळत नाही. हे त्यांना आधीच सांगितलेलं बरं.

कर्नाटकात बायकांना मोफत आहे, मग ज्येष्ठ महिलेने वयाचा पुरावा कशाला दाखवायचा?

वयाचा नाही, रहिवासाचा दाखवायचा. ‘शक्ती’ योजना ११ जून २०२३ ला सुरू झाली. तिच्यात कर्नाटकात राहणाऱ्या महिलांना राज्यातल्या साध्या आणि एक्सप्रेस गाड्यांत शून्य रुपयांचं तिकीट मिळतं. ते तिकीट मागून घ्या आणि उतरेपर्यंत जपा, कारण तपासणी पथक तेच मागतं. ‘मोफत आहे, तिकीट कशाला’ म्हणून तसंच बसू नये. राजहंस, स्लीपर, एसी अशा गाड्यांत शक्ती चालत नाही. दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या गाडीतही चालत नाही, अगदी तुम्हाला निपाणीलाच उतरायचं असलं तरी. कोल्हापूरचा बोर्ड लावलेल्या कर्नाटकाच्या गाडीत चढून निपाणीचं शून्य तिकीट मागणाऱ्या बायकांचे आणि कंडक्टरचे खटके बेळगाव स्टँडवर नेहमी उडतात. गाडी फक्त निपाणीपर्यंत किंवा चिकोडीला जाणारी असेल तरच शक्ती लागू.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. माहेर कोल्हापूर, आजरा किंवा सांगलीकडचं, लग्न होऊन बेळगावात येऊन चाळीस वर्षं झाली, पण आधारवर पत्ता अजून माहेरचा किंवा मुंबईत नोकरीला होत्या तेव्हाचा. अशा बाईंना शक्तीही मिळत नाही आणि पुढे सवलतीची वेळ आली की तीही नाही. पत्ता बदलायला आधार केंद्रावर एक फेरी होते, ती एकदा करून टाका. मुलांकडे आलटून पालटून राहणाऱ्या आई-वडिलांनीही ठरवावं की वर्षातला जास्त काळ कुठे जातो, आणि पत्ता तिथला ठेवावा. दोन्हीकडची सवलत मिळावी म्हणून दोन राज्यांत दोन वेगळ्या पत्त्यांची कार्डं बाळगणं मात्र अंगाशी येऊ शकतं.

एक पूर्ण उदाहरण सांगा. आम्ही दोघं बेळगावचे, माझं वय ६६, बायको ६२. कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला जायचंय. माझी ७७ वर्षांची बहीण कोल्हापुरात राहते, तिला येताना घेऊन यायचं आहे.

दोन रस्ते आहेत. पहिला, बेळगावहून निपाणीपर्यंत राज्यातल्या राज्यात जाणारी लाल गाडी. तिच्यात वहिनींचं शून्य तिकीट, तुमचं २५ टक्के कमी. निपाणीला उतरून कोल्हापूरची एसटी धरायची. ती हद्द ओलांडून कागलकडे गेली की वहिनींना महिला म्हणून अर्धं भाडं. तुम्ही ६६ चे असलात तरी पत्ता बेळगावचा, म्हणून तुमचं पूर्ण धरा.

दुसरा रस्ता म्हणजे बेळगाव-कोल्हापूर थेट एसटी. तिथे निपाणीपर्यंतचं आणि हद्दीपर्यंतचं भाडं दोघांनाही पूर्ण. हद्दीपुढे वहिनींना अर्धं, तुम्हाला पूर्ण.

पैशाने पहिला रस्ता स्वस्त आहे. तरी मी स्वतः तुम्हाला थेट गाडीच सुचवेन. निपाणी स्टँडवर उतरायचं, पिशव्या घेऊन दुसऱ्या फलाटावर जायचं, गर्दीत पुन्हा जागा धरायची, हे सगळं वाचलेल्या पैशांपेक्षा महाग पडतं. गुडघे ठणठणीत असतील आणि घाई नसेल तर निपाणी करा.

येताना बहिणीला घेऊन एसटीत बसलात तर तिला हद्दीपर्यंत मोफत आणि हद्दीपासून बेळगावपर्यंत पूर्ण भाडं. निपाणीला उतरून लाल गाडीत बसवलंत तर तिथेही पूर्णच. तिच्या कार्डावर कोल्हापूरचा पत्ता आहे, म्हणून शक्ती नाही आणि २५ टक्केही नाहीत. म्हणजे तिला निपाणीला उतरवून काहीही हाती लागत नाही. थेट आणा. आणि तिचं कार्ड तिच्याच पर्समध्ये असू द्या, तुमच्या सुटकेसमध्ये वरच्या रॅकवर नको.

आधारवर फक्त जन्मवर्ष आहे, तारीख नाही. कंडक्टर मानत नाही. काय करायचं?

साठीच्या पुढच्या किती तरी जणांच्या आधारवर ‘जन्म वर्ष १९६५’ एवढंच छापलेलं असतं. नोंदणीच्या वेळी दाखला नव्हता, वय अंदाजाने सांगितलं, म्हणून तसं झालं. यात कंडक्टरची अडचण खरी आहे. १९६५ मध्ये जन्मलेला माणूस २०२५ च्या मार्चमध्ये साठ पूर्ण आहे की नाही, हे त्या कार्डावरून कुणालाच सांगता येत नाही. जन्म जानेवारीतला असेल तर आहे, डिसेंबरमधला असेल तर नाही.

म्हणून वाद नको असेल तर हिशेब असा करा. छापलेल्या वर्षात साठ मिळवा आणि त्याच्या पुढच्या १ जानेवारीपासून सवलत मागा. १९६५ असेल तर २०२६ च्या १ जानेवारीपासून तुम्ही साठ पूर्ण आहात, जन्म कोणत्याही महिन्यातला असो. मग कोणी नाही म्हणू शकत नाही. एसटीसाठी याच पद्धतीने पासष्ट मिळवा. म्हणजे १९६० असेल तर तिथेही २०२६ च्या १ जानेवारीपासून, १९६१ असेल तर २०२७ पासून.

मधले महिने वाया जाऊ द्यायचे नसतील तर तारीख असलेला दुसरा कागद दाखवा. ड्रायव्हिंग लायसन्स आणि पासपोर्टवर पूर्ण तारीख असते.

जुनं मतदार ओळखपत्र चालतं का? त्यावर जन्मतारीखच नाही.

जुन्या कार्डांवर जन्मतारखेऐवजी ‘१-१-१९९५ रोजी वय ३२’ असं छापलेलं असतं. हा पुरावा वाईट नाही, पण तो वाचता आला पाहिजे. १ जानेवारी १९९५ ला ३२ पूर्ण म्हणजे १ जानेवारी २०२३ ला ६० पूर्ण. मधली २८ वर्षं दोन्हीकडे मिळवायची, बस्स. हा हिशेब घरीच करून कागदावर लिहून कार्डासोबत ठेवा. भरलेल्या गाडीत कंडक्टरला बेरीज करायला लावलीत की तो वैतागणारच.

कार्ड इतकं घासलेलं असेल की वयाचा आकडाच दिसत नाही, तर नवं काढून घ्या. नव्या कार्डावर जन्मतारीख येते.

माझी खरी जन्मतारीख वेगळी आहे. शाळेत मास्तरांनी १ जून लिहिली.

आपल्या पिढीत १ जूनला जन्मलेले इतके कसे, याचं कारण सगळ्यांना माहीत आहे. पण काउंटरवर कागदावरचीच तारीख चालते. दोन कागदांवर दोन तारखा असतील तर त्रास होतो, कारण आधार आणि लायसन्स दोन्ही पुढे केलं की शंका येते. एकच कार्ड ठरवा आणि सगळीकडे तेच दाखवा.

आधारवरची जन्मतारीख सर्वसाधारणपणे एकदाच दुरुस्त करता येते. म्हणून घाईने, कुणाच्या तरी सांगण्यावरून बदलायला जाऊ नका. आधी जन्मदाखला, एसएसएलसीचं प्रमाणपत्र, पासपोर्ट यांतला जो कागद कायमचा धरायचा तो ठरवा, पेन्शनच्या कागदांशी ताडून बघा, आणि मगच एकदा ती तारीख लावून घ्या.

आधार हा जन्मतारखेचा पुरावाच नाही असं कोर्टाने सांगितलं म्हणे. मग बसमध्ये कसं चालतं?

बरोबर ऐकलंत. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघाताच्या भरपाईच्या एका खटल्यात वय ठरवताना आधारऐवजी शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला. आधार प्राधिकरणानेही आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नाही, असं स्पष्ट केलं आहे. हल्लीच्या आधारपत्रावर तसं छापलेलंही असतं.

पण भरपाई किंवा नोकरीचा वाद वेगळा आणि बसचं तिकीट वेगळं. परिवहन महामंडळांनी सवलतीसाठी जी ओळखपत्रं मान्य केली आहेत त्यांत आधार आहे. कंडक्टर त्या यादीवर चालतो. त्यामुळे ही बातमी कोणी तुमच्या तोंडावर फेकली तर शांतपणे सांगा की महामंडळाच्या यादीत आधार आहे.

झेरॉक्स चालते का? मोबाईलवर फोटो दाखवला तर?

मूळ कार्ड किंवा डिजिलॉकर, या दोनांवर भिस्त ठेवा. डिजिलॉकरमध्ये खात्याकडून आलेला कागद कायद्याने मूळ कागदासारखाच धरला जातो. गॅलरीत काढून ठेवलेला कार्डाचा फोटो म्हणजे डिजिलॉकर नव्हे. नातवाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो कंडक्टरने नाकारला तर ते योग्यच आहे, कारण फोटोत वर्ष बदलणं कुणालाही जमतं.

आधारच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात असू द्या. संकेतस्थळावरून काढलेलं ई-आधार, टपालाने आलेलं पत्र, प्राधिकरणाकडून मागवलेलं प्लास्टिक कार्ड आणि मोबाईलवरचं एम-आधार, ही सगळी सारखीच वैध आहेत. ई-आधारची छापील प्रत म्हणजे झेरॉक्स नाही. दुकानात स्वतःच छापून घेतलेलं चकचकीत प्लास्टिक कार्ड मात्र प्राधिकरण वापरू नका म्हणतं. पहिले आठ अंक झाकलेलं आधार असलं तरी वयासाठी ते पुरतं, कारण जन्मतारीख दिसत असते. मोबाईलवर विसंबायचं असेल तर निघायच्या आधी डिजिलॉकर उघडून बघा. खानापूरच्या पुढे जंगलात किंवा आंबोली घाटात रेंज गेली की ते उघडत नाही आणि गाडी तुमच्यासाठी थांबत नाही.

आधारपेक्षा सोयीचं काही कार्ड आहे का?

आहे. कर्नाटक सरकारचं ज्येष्ठ नागरिक ओळखपत्र. दिव्यांग आणि ज्येष्ठ नागरिक सबलीकरण खातं ते देतं. अर्ज सेवा सिंधू पोर्टलवर होतो. घरी जमत नसेल तर शहरात कर्नाटक वन केंद्रात आणि गावात ग्राम वन केंद्रात तो भरून देतात. जाताना आधार, वयाचा पुरावा आणि फोटो घेऊन जा, आणि रक्तगट माहीत करून जा, कारण तोही विचारतात.

मला हे कार्ड आवडतं ते एका साध्या कारणासाठी. कार्ड मिळालंय म्हणजे साठ पूर्ण आहे आणि माणूस कर्नाटकाचा आहे, हे दोन्ही आधीच तपासलेलं असतं. कंडक्टरला बेरीज करावी लागत नाही, पत्ता शोधावा लागत नाही. शिवाय सगळीकडे आधार बाहेर काढावं लागत नाही. अर्जात एक काळजी घ्या: नावाचं स्पेलिंग आधारसारखंच द्या. मराठी नावं कन्नडमध्ये लिहिताना आडनावात फरक पडतो आणि मग अर्ज परत येतो. महाराष्ट्रात हे कार्ड ओळख म्हणून दाखवता येईल, पण एसटीची सवलत त्यावर मिळेल असं धरू नका.

तपासणी पथकाने पुन्हा कार्ड मागितलं. एकदा दाखवलं होतं ना?

पुन्हा दाखवावं लागतं. कंडक्टरच्या मशीनमध्ये ज्येष्ठ हा प्रकार निवडून तिकीट काढलं की ते तिकिटावर छापून येतं. वाटेत पथक चढलं की ते सवलतीचं तिकीट आणि माणूस जुळतो का ते पाहतं. पुराव्याशिवाय सवलत दिली असं दिसलं तर कंडक्टरवर कारवाई होते. कार्ड न बघता तिकीट न देणारा कंडक्टर म्हणून आपली नोकरी सांभाळत असतो, तुमच्या पांढऱ्या केसांवर संशय घेत नसतो.

ऑनलाइन तिकीट काढताना ज्येष्ठ हा पर्याय निवडला असेल, तर ज्या ओळखपत्राचा क्रमांक दिला तेच प्रवासात जवळ ठेवा. नाही सापडलं तर फरकाचे पैसे भरावे लागतात. एसटीत ७५ पुढच्यांनी आगाऊ आरक्षण केलं तर प्रवास मोफत असला तरी आरक्षण शुल्क द्यावं लागतं.

पुरावा दाखवूनही सवलत नाकारली तर?

पूर्ण तिकीट घ्या आणि ते फाडू नका. भांडत बसलात तर गाडीतले बाकीचे लोक तुमच्यावरच चिडतात. तिकिटावर गाडी क्रमांक, तारीख, वेळ असते. कंडक्टरचा बिल्ला क्रमांक बघून लिहून ठेवा. मग तिकिटाची आणि ओळखपत्राची प्रत जोडून डेपो मॅनेजरच्या नावाने चार ओळींचा अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात ‘माझा अपमान झाला’ याच्या आधी ‘वय इतकं, पत्ता हा, कार्ड हे दाखवलं, तिकीट इतक्याचं दिलं’ हे लिहा. असा अर्ज असला की चौकशी करणाऱ्याला टाळता येत नाही. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही देशभराची हेल्पलाइन आहे, तिथेही मार्गदर्शन मिळतं.

रेल्वेत ज्येष्ठांची सवलत परत सुरू झाली का?

नाही. पूर्वी पुरुषांना साठपासून ४० टक्के आणि महिलांना अठ्ठावन्नपासून ५० टक्के सूट होती. २० मार्च २०२० पासून ती बंद आहे. दर काही महिन्यांनी ‘सवलत सुरू’ असा मेसेज फिरतो, तो पुढे पाठवू नका. मिळते ती खालच्या बर्थची सोय. तिकीट काढताना वय बरोबर टाकलं तर पुरुषांना साठपासून आणि महिलांना पंचेचाळीसपासून खालचा बर्थ द्यायचा प्रयत्न यंत्रणा करते, जागा शिल्लक असेल तर. वय चुकीचं टाकून खालचा बर्थ मिळवू नका, गाडीत ओळखपत्र तपासतात.

गोल घुमट, बदामी, किंवा संग्रहालयांत ज्येष्ठांना कमी तिकीट आहे का?

विजापूरचा गोल घुमट, बदामीची लेणी, पट्टदकल ही केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडची ठिकाणं आहेत. तिथे पंधरा वर्षांखालच्या मुलांना मोफत आहे, ज्येष्ठांसाठी वेगळा दर नाही. सत्तरीतला भारतीय माणूसही नातवाच्या बापाएवढंच तिकीट देतो. तिथल्या खिडकीवर वयाचा पुरावा मागितला तर तो नातवासाठी मागतात, आजोबांसाठी नाही. बारा-तेरा वर्षांची उंच पोरं असतील तर त्यांचं आधार सोबत न्या.

राज्य सरकारची, पालिकेची आणि खासगी ट्रस्टची संग्रहालयं आपापले दर ठरवतात. खिडकीशेजारच्या फलकावर ‘ज्येष्ठ नागरिक’ अशी ओळ असेल तरच मागा. फलकावर काही ठिकाणी कन्नड, काही ठिकाणी इंग्रजी असतं, वाचता नाही आलं तर तिकीट फाडायच्या आधी विचारा. सहलीला मोठा गट जात असेल तर पैसे मोजायच्या आधी सगळ्यांची कार्डं एकत्र करून एकानेच खिडकीवर जावं. पन्नास जण एकेक कार्ड काढायला लागले की रांग तुटते आणि मागचे ओरडतात.

सिनेमाला?

सिनेमागृहांवर ज्येष्ठांना सूट देण्याचं कायद्याचं बंधन नाही. जी काही असते ती मालकाची किंवा कंपनीची योजना. ती ठरावीक दिवशी, ठरावीक खेळाला असते आणि कधीही बंद होते. त्यामुळे तिथे ‘आमचा हक्क’ म्हणून वाद घालू नका, तो टिकत नाही.

मिळत असेल तर बहुधा खिडकीवर मिळते, मोबाईल अ‍ॅपवर तो पर्याय दिसेलच असं नाही. पोराने अ‍ॅपवर तिकीट काढून दिलं आणि आजोबांनी खिडकीवर जाऊन फरक परत मागितला, असं खूपदा होतं आणि फरक परत मिळत नाही. आधी खिडकीवर किंवा फोनवर विचारा, मग ठरवा कसं काढायचं. सवलतीचं तिकीट असेल तर आत सोडतानाही कार्ड बघतात, म्हणून ते गाडीत ठेवून येऊ नका.

तिन्ही ठिकाणी वेगवेगळं वय का? ज्येष्ठ म्हणजे नक्की कोण?

आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाच्या २००७ च्या केंद्रीय कायद्यात साठ वर्षं पूर्ण झालेला माणूस ज्येष्ठ आहे. पण तो कायदा तिकिटांच्या दरांबद्दल नाही. बस, संग्रहालय, सिनेमा यांनी सवलतीचं वय आपापलं ठरवलं आहे, म्हणून कर्नाटकात साठ, एसटीत पासष्ट आणि पंच्याहत्तर. एका ठिकाणी ज्येष्ठ ठरलो म्हणून दुसऱ्या ठिकाणी आपोआप ठरत नाही. हद्दीवर राहणाऱ्याने कार्डासोबत एक चिठ्ठी ठेवावी: माझा पत्ता कुठला, मी साठ कधी पूर्ण केले, पासष्ट कधी होतील, पंच्याहत्तर कधी. घरातल्या मुलांकडून ती मोठ्या अक्षरांत लिहून घ्या.